शंभर शब्दांत दोन अनोळखी

“इंग्रजी सुधारायचंय ना? मग रोज इंग्रजी पेपर वाचायला लाग.” मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी हा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो. कधी तो मामा देतो, कधी क्लासचे सर, कधी पहिल्या नोकरीतले साहेब. मग घरी इंग्रजी पेपर सुरू होतो. पहिल्या दिवशी अग्रलेखातल्या ओळीओळीत पेन्सिलीच्या खुणा होतात, शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिले जातात. दुसऱ्या दिवशी खुणा निम्म्या होतात, आठवडाभरात पेपर न उघडताच रद्दीच्या गठ्ठ्यात जातो आणि घरात पोराच्या आळसाची चर्चा सुरू होते.

पोराचा आळस असेलही, पण या प्रकरणात गणितच त्याच्या विरुद्ध आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी आयुष्यभर हेच गणित मांडलं. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग ही एकाच शब्दाची रूपं एका कुटुंबात धरली, तर इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी अडखळल्याशिवाय वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात, असा हिशेब त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे चांगल्या गुणांनी बारावी झालेल्या मुलाला सर्वाधिक वापरातली दोन हजार कुटुंबं येतात असं धरू. त्या दोन हजारांत वर्तमानपत्रातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे दर पाचवा शब्द परका.

शंभरात ऐंशी शब्द कळतात म्हणजे मजकूर ऐंशी टक्के कळतो, असं वाटण्याचा संभव आहे. तसं अजिबात होत नाही, आणि ते पटायला आकडेवारीपेक्षा आपल्याच भाषेत एक प्रयोग करून पाहावा. खाली पन्नास शब्दांचा एक उतारा आहे. त्यातला एक शब्द काढून त्या जागी मी बनावट शब्द ठेवलाय.

“रात्री पाऊस थांबला तेव्हा गणपत उठून अंगणात आला. विहिरीजवळ कोणीतरी उभं होतं. त्याने डोंखळ वर धरला, पण उजेड तिथपर्यंत पोचेना. ‘कोण आहे?’ त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. मग त्याला ओल्या मातीत उमटलेली पावलं दिसली. ती घराच्या दिशेने येत होती आणि दाराशी येऊन संपत होती. दार मात्र आता आतून बंद होतं.”

डोंखळ म्हणजे काय, हे कोणाला विचारावं लागलं नाही. रात्र आहे, माणूस काहीतरी वर धरतोय, त्याचा उजेड पडतोय. म्हणजे कंदील किंवा तसलंच काही. गोष्ट कुठेही थांबली नाही. आता तोच उतारा पाच बनावट शब्दांसह वाचा, आणि मघाचा वाचलेलाच नाही असं समजा.

“रात्री पाऊस थांबला तेव्हा गणपत उठून अंगणात आला. गेंदुळाजवळ कोणीतरी उभं होतं. त्याने डोंखळ वर धरला, पण उजेड तिथपर्यंत पोचेना. ‘कोण आहे?’ त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. मग त्याला ओल्या रुंझीत उमटलेली दुमकं दिसली. ती घराच्या दिशेने येत होती आणि दाराशी येऊन संपत होती. दार मात्र आता आतून टिफळ होतं.”

शंभरातले नव्वद शब्द अजूनही ओळखीचेच आहेत. पण भीती गेली. रुंझी म्हणजे चिखल की गवत की चादर? दुमकं म्हणजे काय? आणि दार आतून टिफळ म्हणजे बंद, रंगवलेलं की कुजलेलं? एका अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारचे शब्द सांगतात, पण शेजारीही अनोळखी असला तर दोघंही मुके होतात. गोष्टीचा सगळा जीव ज्या शेवटच्या वाक्यात आहे तेच हातून निसटलं. आणि पेपरातलं प्रमाण याच्याही दुप्पट आहे, पन्नासात दहा शब्दांचं.

असाच बनावट शब्दांचा प्रयोग हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केला होता. शंभरातले ऐंशी शब्द ओळखीचे असताना एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. नव्वद आणि पंच्याण्णवला थोड्यांना कळली. मदतीशिवाय, मजेत वाचता येण्यासाठी अठ्ठ्याण्णवच्या आसपास लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. शंभरात दोन अनोळखी, पन्नासात एक. ग्रेडेड रीडर या प्रकारच्या पुस्तकांचा सगळा डोलारा या एका प्रमाणावर उभा आहे.

गंमत म्हणजे हे प्रमाण जवळपास याच आकड्यात आधी सापडलं ते आपल्याकडे, अविभाजित बंगालात. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, तरी त्यांना एक पान धड वाचता येत नाही, हे ते रोज पाहत होते. त्यातली बरीच मुलं मधेच शाळा सोडत. विमा पॉलिसी अर्धवट सोडली तर हातात किती रक्कम पडते, तसा त्यांनी प्रश्न केला: या मुलाने आज शाळा सोडली, तर या इंग्रजीचं त्याच्या पदरात काय पडेल? त्यांचं उत्तर होतं, वाचन. बोलायला इंग्रज भेटायचा नाही, लिहायची गरज पडेलच असं नाही, पण वाचता आलं तर ते आयुष्यभर पुरेल.

मग त्यांनी शाळेतली वाचनपुस्तकं तपासली. त्यांत नवे शब्द दाटीवाटीने येत, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटायचं नावच नाही. शिवाय शब्दही जुन्या काव्यातले. वेस्ट यांनी असले शब्द काढून त्यांच्या जागी रोजच्या वापरातले घातले. नवा शब्द आणायचा तर साधारण पन्नास-साठ ओळखीच्या शब्दांमागे एक, आणि तो पुढे वारंवार परत यायला हवा, असा नियम घालून घेतला. १९२६ साली त्यांचा बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचा अहवाल कलकत्त्याहून निघाला आणि त्याच सुमारास लाँगमन्सने त्यांची ‘न्यू मेथड’ वाचनमाला काढायला सुरुवात केली. पुढे १९५३ साली त्यांनी दोनेक हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आज दुकानात पाठीवर ‘स्टेज १’, ‘लेव्हल ३’ असं छापलेली जी पातळ पुस्तकं दिसतात, ती सगळी या ढाक्याच्या खटपटीची वंशावळ.

दुकानात मात्र जरा डोळे उघडे ठेवून जावं लागतं, कारण तीन प्रकारची पुस्तकं एकमेकांसारखी दिसतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ‘सोपं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक द्या’ म्हटलं, की बहुधा पहिल्यांदा हातात पडतं ते ‘अब्रिज्ड’ म्हणजे संक्षिप्त क्लासिक. पाचशे पानांची कादंबरी शंभर पानांत बसवलेली असते. पण कात्री लावली आहे ती लांबीला, शब्दांना नव्हे. एकोणिसाव्या शतकातलं वाक्य तसंच्या तसं, फक्त त्याच्या पुढची-मागची वाक्यं गायब. हे मूळ पुस्तकापेक्षाही अवघड होऊ शकतं, कारण संदर्भ देणारी वर्णनंच गेलेली असतात.

दुसरा सापळा लहान मुलांच्या पुस्तकांचा. ‘लहान मुलांचं आहे म्हणजे सोपं असेल’ हा तर्क परक्या भाषेला लागू पडत नाही. इंग्रजी घरातलं पाच वर्षांचं मूल शाळेत जाण्याआधीच काही हजार शब्द कानांनी शिकलेलं असतं. त्याच्या पुस्तकात ससा टुणकन उडी मारतो, बदक डुलत चालतं, दूध सांडतं आणि पिसं विस्कटतात. या प्रत्येक क्रियेला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे आणि तो तुमच्या-आमच्या पाठ्यपुस्तकात कधीच आलेला नसतो. आपली प्रथम बुक्स ही संस्था ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी, इंग्रजी आणि इतर अनेक भाषांतल्या गोष्टी फुकट देते, आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. ठेवा अनमोल आहे, लहानांसाठी तर आहेच. पण त्या पातळ्या वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी, गोष्टीची लांबी आणि वाक्यं पाहून ठरवलेल्या आहेत. परकी भाषा शिकणाऱ्या मोठ्या माणसाचा शब्दसाठा मोजून नव्हे.

तिसरा प्रकार म्हणजे खरा ग्रेडेड रीडर. त्याच्या पाठीवर किंवा पहिल्या पानावर ‘हेडवर्ड्स’चा आकडा असतो. चारशे हेडवर्ड्स म्हणजे पुस्तक चारशे शब्दांचं नव्हे. पुस्तक पाच-सहा हजार शब्दांचं असतं, पण ते रचायला वापरलेले मूळ शब्द सुमारे चारशे आणि शिवाय गोष्टीपुरते लागणारे थोडे जास्तीचे. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालेत पहिल्या स्टेजला ४००, दुसऱ्याला ७००, तिसऱ्याला १०००, चौथ्याला १४००, पाचव्याला १८०० आणि सहाव्याला २५०० अशी चढण आहे. केंब्रिजच्या मालेची तिसरी पातळी १३०० शब्दांची. म्हणजे एकाची तिसरी ती दुसऱ्याची जवळपास चौथी. पातळीच्या क्रमांकाने पुस्तक घेणारा फसतो, म्हणून आकडा हेडवर्ड्सचाच पाहायचा. केंब्रिजचा आणखी एक विशेष असा, की त्यातल्या गोष्टी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम नव्याने लिहिलेल्या असतात. बुकवर्म्समध्ये जुन्या गाजलेल्या कथांची सोपी रूपं पुष्कळ आहेत. आपल्याला गोष्ट आधीच माहीत असेल, सिनेमात पाहिली असेल, तर सोपं रूप अजूनच सोपं जातं. सुरुवातीला तसं पुस्तक घ्यायला काही हरकत नाही.

शब्दांबरोबर व्याकरणही पायऱ्यांनी येतं, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बुकवर्म्सच्या पहिल्या स्टेजला साधा वर्तमान, साधा भूत, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जेव्हा’ अशी सोपी जोडवाक्यं अशा सोप्या रचनांवर भागवतात. पास्ट परफेक्ट तिसऱ्या स्टेजला भेटतो, कर्मणी प्रयोग चौथ्याला. आपल्याकडे दहावीच्या आधीच मुलं ‘चेंज द व्हॉइस’ची वाक्यं ढीगभर सोडवून मोकळी होतात, पण कर्मणी वाक्य गोष्टीत अचानक समोर आलं की कोणी कोणाला मारलं तेच कळत नाही. नियम पाठ असणं आणि डोळा न अडखळता त्यावरून पुढे जाणं यांत फार अंतर आहे.

आता एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणू. लातूरच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत, पान वाचायला अर्धा तास लागतो. तिला पुस्तक कसं निवडून द्यायचं?

पुस्तकाचं पहिलं पान चाचणीला वापरायचं नाही, कारण तिथे माणसांची आणि गावांची नावंच जास्त असतात. आठ-दहा पानं सोडून मधलं एखादं पान उघडायचं. शंभर शब्द मोजायचे आणि अनोळखी शब्दांवर बोट ठेवत जायचं. विशेषनामं मोजायची नाहीत. पण ‘पाहिल्यासारखा वाटतो, अर्थ नक्की सांगता येत नाही’ असा शब्द अनोळखीच धरायचा. इथे लोक स्वतःशी थोडी लबाडी करतात. समजा, तिने तीन पुस्तकं उघडली. तिसऱ्या स्टेजच्या पानावर नऊ शब्द अडले, दुसऱ्याच्या पानावर पाच, पहिल्याच्या पानावर एक. तिचं मन दुसऱ्या स्टेजकडे जाईल. बारावी झालेल्या मुलीला पहिल्या स्टेजचं पुस्तक हातात धरायलाही संकोच वाटतो. तरी तिने पहिल्यापासूनच सुरुवात करावी.

वेगही लगेच मोजून ठेवावा. पाच ओळींतले शब्द मोजून पाचाने भागले की एका ओळीची सरासरी निघते. समजा, ओळीला नऊ शब्द आणि पानाला अठ्ठावीस ओळी, म्हणजे पान २५२ शब्दांचं. ते वाचायला तिला तीन मिनिटं लागली तर मिनिटाला ८४ शब्द. सहा हजार शब्दांचं पुस्तक या वेगाने सव्वा तासाच्या आतबाहेर संपतं. रोज पंधरा मिनिटं दिली तर पाच दिवसांत. पंधरा मिनिटं हॉस्टेलमध्ये मेसच्या रांगेतही मिळतात. आठवड्याला एक पुस्तक हा जो नेशन यांचा आग्रह आहे, तो इथे सहज जमतो.

मात्र इंग्रजीतल्या वेगाची तुलना मराठीतल्या वेगाशी करू नये. आपण ‘घराच्या’ हा एक शब्द लिहितो तिथे इंग्रजीला दोन-तीन लागतात, त्यामुळे मिनिटाला किती शब्द हा आकडा दोन भाषांत एक नसतो. इंग्रजी मातृभाषा असलेले प्रौढ मनात वाचताना माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्दांनी वाचतात, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली अनेक अभ्यासांचा ताळा घालून काढलं. आपल्या लातूरच्या मुलीने तिथे पोचायची घाई करायची नाही. ८४ चे १२० झाले, तरी त्याच अर्ध्या तासात ती पाठ्यपुस्तकाचं जवळपास दीड पान वाचेल.

इथे या सगळ्या प्रकरणातला असा मुद्दा येतो, जो क्लासमध्ये कोणी सांगत नाही. शब्दसाठा वाढवायचं पुस्तक आणि वेग वाढवायचं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. शब्द वाढायचे तर नवा शब्द भेटायलाच हवा. शंभरात दोन अनोळखी हे प्रमाण त्यासाठी नेमकं. पण वेग वाढतो तो डोळ्याला काहीच अडत नसताना. अनोळखी शब्दापाशी डोळा थबकतो, मागच्या ओळीवर जातो, ओठ हलायला लागतात. हा थबका दर मिनिटाला बसत असेल तर वेगाची सवय लागणार कशी? म्हणून वेगासाठी आपल्या पातळीच्या एक पायरी खालचं पुस्तक, ज्यात शंभरात शून्य किंवा एखादाच शब्द अडेल. जपानमधल्या विद्यापीठात बेगलर, हंट आणि काइट यांनी वर्षभर विद्यार्थ्यांचं वाचन मोजून २०१२ साली जो अहवाल दिला, त्यातही सोपी केलेली पुस्तकं जास्त वाचणाऱ्यांचा वेग मूळ पुस्तकं वाचणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेला दिसला.

म्हणून त्या मुलीला पहिल्या स्टेजची चार-पाच पुस्तकं वेगासाठी, ओठ न हलवता, मागे न वळता वाचू द्यावीत. तेवढ्यात तिचे पहिले चारशे शब्द असे पक्के होतात, की त्यांचा विचार करावा लागत नाही. मग दुसऱ्या स्टेजचं पान पुन्हा तपासावं. मघाशी अडलेले पाच शब्द बहुधा तीन-दोनवर आलेले असतात, कारण काही शब्द मुळात येत होते, फक्त ओळखायला उशीर लागत होता. आता दुसऱ्या स्टेजचं पुस्तक शब्दांसाठी, आणि आठवड्यात एक दिवस पहिल्या स्टेजचंच वाचून झालेलं एखादं पुन्हा, घड्याळ लावून.

दर पातळीला पाचेक पुस्तकं का, एक का नाही? नेशन आणि वांग यांनी १९९९ साली बुकवर्म्सचीच पुस्तकं घेऊन कोणता शब्द कितीदा परत येतो ते मोजलं. एका पुस्तकात नवा शब्द दोन-तीनदा येऊन नाहीसा होऊ शकतो. त्याच पातळीच्या चार-पाच पुस्तकांत मिळून तो रुळायला पुरेसा भेटतो. आणि आठवड्याला एक ही गती एवढ्यासाठी, की दुसरी भेट व्हायच्या आत पहिली भेट विसरली जाऊ नये. महिन्याला एक पुस्तक वाचणारा प्रत्येक शब्दाशी दरवेळी नव्याने ओळख करून घेत बसतो.

यातून किती शब्द येतात, याबद्दल मात्र मनात भ्रम नसावा. वॉरिंग आणि ताकाकी यांनी २००३ साली जपानी विद्यार्थिनींना पहिल्या स्टेजचं एक पुस्तक वाचायला दिलं आणि त्यातले पंचवीस शब्द आधीच बनावट शब्दांनी बदलून ठेवले. वाचून झाल्याबरोबर परीक्षा घेतली. ‘हा शब्द पुस्तकात होता का’ या प्रश्नात मुली बऱ्यापैकी उतरल्या. पर्याय दिल्यावर अर्थ ओळखायला पंचवीसपैकी दहा-अकरा जमले. पर्यायांविना अर्थ सांगायचा म्हटल्यावर पाचाच्याही आत. आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सरासरी एकाच शब्दाचा अर्थ आठवला. एका पुस्तकातून एक नवा शब्द! आठ-दहा वेळा भेटलेला शब्दही तीन महिने टिकेल याची खात्री नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, मग शब्दांची यादीच पाठ करावी. काही अंशी बरोबर आहे. वाचन नवा शब्द शिकवण्यात तसं सुस्त. त्याचं खरं काम अर्धवट येणारा शब्द पक्का करणं, तो कोणाच्या शेजारी बसतो ते दाखवणं. म्हणून दोन्ही करावं, पण एकाच वेळी नाही. वाचताना पेन्सिल हातात नको. शब्दावर मराठी अर्थ लिहून ठेवला की दुसऱ्या वाचनाला डोळा सरळ वरच्या मराठीवर जातो आणि खालचा इंग्रजी शब्द न वाचताच पुढे सरकतो. कोणाचंही जुनं पाठ्यपुस्तक उघडून पाहा. त्याऐवजी पुस्तक संपल्यावर, जे शब्द तीनदा-चारदा भेटूनही कळले नाहीत असे आठ-दहाच निवडावेत. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि पुस्तकातलं तेच वाक्य. एकदाच भेटलेल्या शब्दाला खुशाल सोडून द्यावं. तो कामाचा असेल तर पुढच्या पुस्तकात येईल, आणि आला नाही तर त्याची फारशी गरज नव्हती.

पुस्तक चुकीचं निवडलंय हे कसं ओळखावं? दहा पानांनंतर ‘आता हा कोण?’ म्हणत मागची पानं उलटावी लागली, की पातळी वरची झाली. वाक्य वाचून मनात त्याचं मराठी भाषांतर केल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तरी तेच. रोज पुस्तक उघडायची टाळाटाळ होत असेल तर पातळी बरोबर असूनही गोष्ट रटाळ असू शकते; अशी पुस्तकं खरोखर असतात आणि ती अर्ध्यात टाकून द्यायला काही हरकत नाही. शाळेने मात्र आपल्याला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून खालचे प्रश्न सोडवायची अशी सवय लावली आहे, की पुस्तक अर्धवट सोडताना चोरी केल्यासारखं वाटतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी दिलेले स्वाध्यायही सोडून द्यावेत. ते वर्गातल्या शिक्षकांसाठी आहेत. पुस्तक कळलं का, हे पाहायला मैत्रिणीला चार वाक्यांत मराठीत गोष्ट सांगता येते का, एवढी परीक्षा पुरे.

पायऱ्या चढताना पुस्तकं जाड होत जातात, याचा हिशेब आधीच धरलेला बरा. बुकवर्म्समध्ये पहिल्या स्टेजचं पुस्तक सहाएक हजार शब्दांचं, तिसऱ्याचं दहा हजारांच्या आसपास, चौथ्याचं पंधरा, सहाव्याचं तीस हजारांपर्यंत. मिनिटाला १२० शब्दांनी सहाव्या स्टेजचं पुस्तक चार तासांहून जास्त घेतं. रोज पंधरा मिनिटांत ते आठवड्यात संपायचं नाही. म्हणून पुढच्या पातळ्यांवर वेळ तरी वाढवावा लागतो, नाहीतर पुस्तकामागे दोन-अडीच आठवडे द्यावे लागतात. पुष्कळजण चौथ्या स्टेजला अडतात ते भाषेमुळे नाही, या लांबीमुळे. त्यांना वाटतं आपली प्रगती थांबली. प्रत्यक्षात ती पूर्वीइतकीच पानं वाचत असतात, फक्त पुस्तक लवकर संपत नाही. अशा वेळी किती पुस्तकं झाली याऐवजी किती पानं झाली ते वहीत लिहावं.

आणि सहावी पायरी संपल्यावर समोर मोठी दरी असते. २५०० हेडवर्ड्सवर माला संपते आणि कादंबरीला लागतात आठ-नऊ हजार. इथे बहुतेकजण थेट एखाद्या गाजलेल्या लेखकाची जाडजूड कादंबरी उचलतात आणि पन्नासाव्या पानावर थांबतात. या दरीवर पूल म्हणून नेशन आणि लॉरेन्स अँथनी यांनी काही जुन्या इंग्रजी पुस्तकांची चार, सहा आणि आठ हजार शब्दांच्या पातळीवरची रूपं तयार केली आणि ती नेशन यांच्या विद्यापीठाच्या पानावरून फुकट उतरवून घेता येतात. त्यांत गोष्ट मूळचीच असते, फक्त पातळीबाहेरचे शब्द बदललेले असतात.

दुसरा पूल स्वतः बांधायचा, आणि लातूरच्या त्या मुलीला तो अधिक कामाचा. एकाच विषयावर वाचत राहायचं. समजा, तिने मधुमेहाबद्दलचं लेखन निवडलं: आधी रुग्णांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेली माहितीपत्रकं, मग त्याच विषयावरचे वर्तमानपत्री लेख, मग पाठ्यपुस्तकातलं ते प्रकरण. रक्त, साखर, जखम, पाय, उपाशीपोटी, मात्रा हे शब्द तिन्ही ठिकाणी तेच येतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकाच्या पानावर अनोळखी शब्दांचं प्रमाण दहावरून खाली येत येत कुठेतरी चारावर, तिनावर पोचतं. पेपरही याच रीतीने वाचता येतो. सगळा पेपर नाही, एकच बातमी, ती पंधरा दिवस रोज पुढे सरकत असेल तशी. नदीच्या पुराची, एखाद्या क्रिकेट मालिकेची, नाहीतर निवडणुकीची. पहिल्या दिवशी शंभरात पंधरा शब्द अडतील. दहाव्या दिवसाच्या बातमीतले शंभर शब्द मोजून पाहिले तर किती अडतात, ते तिने त्याच वहीत पानांच्या आकड्यांखाली लिहून ठेवावं.